लेबलवर 'एम. बी.', पॅन्टला नायलॉनची चेन : हा सूट नक्की कोणत्या साली शिवला?

नंदलालपुरा

नमस्कार मंडळी. एका जुन्या ट्रंकेतून निघालेला गरम सूट माझ्याकडे आला आहे, कोट आणि पॅन्ट. गडद तपकिरी लोकरी कापड, हाताला जड लागतं. कोटाच्या आतल्या खिशावर विणलेलं लेबल आहे: शिंप्याच्या दुकानाचं नाव, खाली 'राजवाडा, इंदौर' आणि त्यापुढे 'एम. बी.'. दुकान आता नाही. पॅन्टला मात्र नायलॉनची चेन आहे आणि तिच्या दांडीवर वायकेके कोरलेलं आहे.

घरात दोन तट पडलेत. एक म्हणतो, एम. बी. म्हणजे मध्य भारत, म्हणजे कपडा १९५६ च्या आधीचा. दुसरा म्हणतो, नायलॉनची चेन त्या काळी होतीच कुठे, लेबल दुसऱ्या कोटाचं काढून लावलं असणार. खरं कोण? आणि अशा कपड्याला संग्राहक विचारतात का, की सरळ माझ्या मापाचा करून हिवाळ्यात वापरावा?

चेनवाला

चेन बघा, बाकी सगळं सोडा. लेबल उसवून दुसरीकडे लावता येतं, चेन खोटं बोलत नाही. कपड्यांत नायलॉनच्या गुंडाळीची चेन सर्रास दिसायला लागली ती १९६० च्या दशकात, त्याआधी पितळेच्या नाहीतर ॲल्युमिनियमच्या दातांची चेन असायची. म्हणजे तुमचा सूट १९६५ च्या अलीकडचा. धातूची चेन असती तर ५० चं दशक पक्कं म्हटलं असतं.

पोहेप्रेमी

इंदुरात एम. बी. वाचून आधी एम. बी. बी. एस. आठवलं. डॉक्टरांचा कोट असेल.

लष्करकर

चेनवाला, तुमचं अर्धं बरोबर आहे. नायलॉनची चेन चेनचं वय सांगते, कपड्याचं नाही. पॅन्टमध्ये सगळ्यात आधी चेन खराब होते आणि सगळ्यात जास्त वेळा बदलली जाते. जुना कपडा हाती घेतला की नियम एकच: मूळ शिलाईतला जो भाग सगळ्यात नवा, त्याच्या आधी कपडा शिवलेला असू शकत नाही. यात जोर 'मूळ' या शब्दावर आहे. दुरुस्तीत नंतर आलेला भाग या हिशोबातून बाहेर काढावा लागतो, आणि खरं कसब तेच.

आता लेबल. मध्य भारत हे राज्य २८ मे १९४८ ला झालं. हिवाळी राजधानी आमचं ग्वाल्हेर, उन्हाळी तुमचं इंदूर. १ नोव्हेंबर १९५६ ला ते मध्य प्रदेशात विलीन झालं. म्हणून आपल्याकडच्या शिंप्यांच्या लेबलांवर आधी 'सी. आय.' म्हणजे सेंट्रल इंडिया किंवा 'होळकर स्टेट', मग 'एम. बी.', मग 'एम. पी.' असा क्रम दिसतो. पत्त्यात सहा आकडी पिनकोड असेल तर ते लेबल १५ ऑगस्ट १९७२ च्या अलीकडचं, कारण पिनकोड त्या दिवशी सुरू झाला.

पण लेबलाची एक बाजू पक्की असते आणि दुसरी कच्ची. एम. बी. लिहिलेलं लेबल १९४८ च्या आधी विणलं जाणं शक्य नाही, ही बाजू पक्की. १९५६ नंतर ते कोटाला लागलंच नसेल, असं मात्र म्हणता येत नाही. लेबलं हजारांच्या गठ्ठ्यानं विणून यायची, आणि राज्याचं नाव बदललं म्हणून कोणी शिंपी उरलेला गठ्ठा टाकून देत नाही.

नंदलालपुरा, पॅन्टची पुढची पट्टी उलटी करा आणि तीन गोष्टी बघा. चेनच्या शिवणीचा दोरा बाकीच्या शिवणींच्या दोऱ्यासारखाच आहे का. चेनच्या शिवणीशेजारी जुन्या टाक्यांच्या रिकाम्या भोकांची रांग आहे का. आणि डाव्या पट्टीच्या आत काजांच्या खुणा आहेत का, उसवलेल्या किंवा बंद केलेल्या.

माहेश्वरी_काठ

छान धागा. माझ्याकडे आजेसासूबाईंचं नऊवारी माहेश्वरी लुगडं आहे, काठाला जर आहे. त्याचं वयही लेबलावरून कळेल का? लेबल तर कुठेच दिसत नाही.

लष्करकर

ताई, हातमागाच्या लुगड्याला लेबल नसतंच. त्याची तपासणी वेगळ्या वाटेनं होते: जर, काठाची वीण, रंग. जरीचं एवढं सांगतो. काठाच्या टोकाला सुटलेला एखादा धागा असेल तर त्यावरचा पत्रा सुईनं सोडवून बघा. आत रेशीम आणि वर पांढुरका चांदीचा पत्रा निघाला तर खरी जर. सोनेरी मुलाम्याखाली लालसर तांबं दिसलं तर ती हलकी जर. पण त्यावरून साल निघत नाही, दर्जा कळतो. त्यासाठी वेगळा धागा काढलात तर जाणकार जास्त येतील.

टाकेटोके

मी शिवणकामातला आहे, म्हणून बटणपट्टी कशी बदलतात ते सांगतो, म्हणजे काय शोधायचं ते कळेल.

जुन्या पॅन्टला समोर चार-पाच बटणं असायची. काजं वरच्या कापडात नसत, आत लपवलेल्या वेगळ्या पट्टीवर असत. ही पट्टी अस्तराच्या कापडाची, दुहेरी. चेन लावायला आलेल्या पॅन्टची घाईची दुरुस्ती असेल तर शिंपी ही पट्टी काढत नाही, तिच्यावरच चेनची एक बाजू बसवून टीप मारतो. मग काजं चेनच्या पट्टीखाली दबून राहतात, बोट फिरवलं की कडक कडा लागतात. नीट काम केलं असेल तर पट्टी कापून टाकतो, पण खाली दोन्ही बाजू जिथे मिळतात तिथला आडवा पक्का टाका उसवून परत मारावाच लागतो. तिथे हमखास दोन रंगांचा दोरा सापडतो. उजव्या बाजूला बटणं जिथे होती तिथे कापडावर छोटे गोल ठसेही राहतात, आणि तेवढ्या जागेत कापडाचा रंग जरा गडद असतो.

कोटाचंही एक बघा. कॉलरच्या खालचा मोठा वळणारा भाग अंगठा आणि बोट यांच्यात धरून चोळा. पुढचं कापड, मागचं कापड आणि मधे सुटी सरकणारी तिसरी घडी लागली तर आत हातानं टाके घातलेला कॅनव्हास आहे. दोनच थर लागले आणि ते एकमेकांना चिकटल्यासारखे वाटले तर इस्त्रीनं चिकटवलेलं बकरम. चिकटवलेलं असेल तर ५० चं दशक जवळपास विसरा.

डेनिमवेडा

लेबलांचाच विषय निघालाय म्हणून विचारतो. लिव्हाइसच्या जीन्सवर लाल पट्टीत मोठा ई असला की ती १९७१ च्या आधीची, हे तरी पक्कं ना?

लष्करकर

मूळ उत्पादनात मोठा ई १९७१ पर्यंतच, हे खरं. पण कंपनीनं नंतर जुन्या नमुन्यांच्या नव्या आवृत्त्या काढल्या आणि त्यांवर मोठा ई परत आला. म्हणून नुसती लाल पट्टी बघून भागत नाही. आत धुण्याच्या सूचनांचं छापील लेबल असेल तर ती जुनी नाही, कारण अमेरिकेत अशी सूचना कपड्यावर लावणं १९७२ पासून सक्तीचं झालं. इथेही नियम तोच, सगळ्यात नवा मूळ भाग निकाल देतो.

डेनिमवेडा

आणि आरएन नंबर? त्यावरून साल काढायचं सूत्र आहे म्हणतात.

लष्करकर

तो नंबर कंपनीच्या नोंदणीचा असतो, कपड्याचा नाही. ज्या कंपनीनं १९६२ मध्ये नोंदणी केली ती १९९२ मध्येही तोच नंबर लावते. 'याआधीचा नाही' एवढंच त्यावरून म्हणता येतं. आता परत सूटाकडे येऊ.

नंदलालपुरा

सगळ्यांचे आभार. उजेडात बसून सगळं बघितलं.

पॅन्टच्या डाव्या पट्टीखाली चार काजं सापडली. वरून शिवून टाकलेली, पण बोटाला लागतात. उजवीकडे गोल ठसे तीन स्पष्ट, चौथा अंधुक. चेनचा दोरा चकचकीत आणि लालसर तपकिरी, बाकी शिवणींचा दोरा मंद आणि काळपट. खाली आडव्या टाक्यात दोन्ही रंगांचे दोरे आहेत, टाकेटोके म्हणाले तसंच. पॅन्टच्या नेफ्यात आत सहा बटणं आहेत, गॅलिसची असावीत. मोरीला बाहेर घडी आहे. कोटाच्या कॉलरखाली तीन थर लागतात, मधला सुटा सरकतो.

आणि महत्त्वाचं. कोटाच्या आतल्या उजव्या खिशात, अस्तराला टाचलेली कापडाची चिठ्ठी मिळाली. शाईनं लिहिलंय: क्रमांक ३८४६, त्याखाली देवनागरी आकड्यांत १२-११-५ आणि पुढे एक आकडा. तो १ आहे की ७, काही केल्या कळत नाही. चिठ्ठीची घडी नेमकी त्यावरून गेली आहे.

पोहेप्रेमी

अहो, चिठ्ठीच सापडली म्हणजे निम्मी लढाई जिंकली!

चेनवाला

बरं, चेन नंतरची, हे मान्य. पण इथली तारीख संवताची नसेल कशावरून? माळव्यात व्यापारी संवतच लिहायचे.

रावपुरा_ताई

संवत नसणार. विक्रम संवत इसवी सनाच्या ५६-५७ वर्षं पुढे असतो. १९५१ साली संवत २००८ चालू होता, म्हणजे चिठ्ठीवर ०८ आलं असतं. संवताचे पन्नाशीचे आकडे आले १९९३ नंतर, आणि तेव्हा मध्य भारत संपून पस्तीसहून जास्त वर्षं झाली होती. शिवाय संवतात लिहिणारा कार्तिक वद्य अमुक असं तिथीनं लिहितो, १२-११ असं नाही.

आता आकड्याकडे. आधी एक विनंती, चिठ्ठी उसवू नका. ती ज्या टाक्यांनी अस्तराला लावली आहे ते टाकेही पुरावा आहेत. खिसा उलटा करून ती सपाट ठेवा, वर काच ठेवू नका, इस्त्री तर अजिबात नको. अंधार करून टॉर्च अगदी आडवा, कापडाला समांतर धरा. निबेच्या दाबानं पडलेली चर आडव्या उजेडात सावली देते. मग अतिनील किरणांचा टॉर्च मिळाला तर तो लावा, ३६५ नॅनोमीटरचा. नोटा तपासायचे स्वस्त टॉर्च बहुतेक ३९५ चे असतात, त्यांचा जांभळा उजेड जास्त आणि उपयोग कमी. जुनी लोहाची शाई उघड्या डोळ्यांना फिकट तपकिरी दिसली तरी अतिनील उजेडात काळी उठून दिसते.

१ आणि ७ मधला फरक आकारात शोधा. १ ची गाठ वर असते आणि शेपूट खाली येतं. ७ चं गोल पोट खाली असतं. घडीनं वरचा भाग खाल्ला असला तरी खालचा सांगेल.

आमच्याकडच्या लेबलांची गोष्ट जरा वेगळी, ओघात सांगते. 'बडोदा स्टेट' असेल तर मे १९४९ च्या आधीचं, कारण तेव्हा संस्थान मुंबई राज्यात गेलं. 'गुजरात' लिहिलेलं असेल तर १ मे १९६० च्या नंतरचं. नुसतं 'बडोदा' असेल तर त्यावरून काहीच ठरवू नका. शहराचं अधिकृत नाव बदलून इतकी वर्षं झाली, तरी आम्ही अजून बडोदाच म्हणतो आणि दुकानदार लेबलावर तेच विणून घेतो.

टाकेटोके

दोऱ्याची शंका राहिली असेल तर जाळून बघा, पण कपड्यापासून लांब. शिवणीच्या टोकाला सुटलेला सेंटिमीटरभर दोरा चिमट्यात धरून बशीवर पेटवा. सुती दोरा झटकन पेटतो, ज्योत गेल्यावर लाल ठिणगी राहते, कागद जळाल्यासारखा वास येतो आणि राख बोटानं चुरडते. पॉलिएस्टरचा दोरा ज्योतीपासून आक्रसतो, वितळतो आणि टोकाला कडक काळा मणी उरतो. दोन्ही एकदम दिसलं, म्हणजे राखही आणि मणीही, तर आत पॉलिएस्टर आणि वरून सूत असा मिश्र दोरा, तो आणखी अलीकडचा. मूळ शिवण सुती असली तर ती तुमच्या बाजूनं साक्ष. पण नुसत्या सुती दोऱ्यावर ५१ की ५७ हे कळणार नाही, तेव्हा दोन्ही साली सूतच होतं.

नंदलालपुरा

दोन्ही दोरे जाळले. कोटाचा राख झाला. चेनचा मणी झाला, नखानं फुटतही नाही.

टॉर्च ३९५ चाच मिळाला. ५ एकदम स्वच्छ दिसतो. पुढच्या आकड्याचा वरचा अर्धा भाग घडीतच आहे. खाली उजवीकडे झुकलेली एक रेष दिसते, जरा गोलसर. शेपटासारखी वाटते, पण पोट असूही शकतं. इथेच अडकलोय.

टाकेटोके

कोटाच्या वळणाऱ्या भागाची रुंदी मोजा, सगळ्यात रुंद जागी. पन्नाशीच्या सुरुवातीला रुंद चालायचा, दशकाच्या शेवटी अरुंद होत गेला.

नंदलालपुरा

पावणेचार इंच.

टाकेटोके

मग मी ५१ म्हणेन.

रावपुरा_ताई

मी नाही म्हणणार. पावणेचार इंच म्हणजे तेव्हाच्या मानानं मध्यम ते रुंद, दोन्हीकडे बसतं. शिवाय शिंपी गिऱ्हाइकाच्या सांगण्यानं शिवायचा. साठी ओलांडलेल्या माणसानं १९५७ मध्ये आपल्या तरुणपणीचा रुंद कट सांगितला असेल. फॅशनवरून साल काढताना दहा वर्षं पुढे-मागे धरावीत, आणि इथे फरक सहाच वर्षांचा आहे. ही पट्टी इतकं बारीक मोजणार नाही.

लष्करकर

ताईंशी सहमत. कपडा आता याहून जास्त सांगणार नाही. पण चिठ्ठीवरच्या ३८४६ या क्रमांकाकडे अजून कोणी बघितलेलं नाही. दुकानाची मापांची वही असते, तीत गिऱ्हाइकाचं पान असतं आणि त्याचा नंबर चिठ्ठीवर. त्याच दुकानाची तारीख असलेली दुसरी चिठ्ठी मिळाली तर क्रमांकांची तुलना करून साल अडकवता येईल. इंदूरकरांनो, कोणाकडे राजवाड्याच्या त्या दुकानाचा जुना कपडा आहे का? दुकानाचं नाव नंदलालपुरांना व्यक्तिगत निरोपात विचारा.

पोहेप्रेमी

आज घरोघरी ट्रंका उघडणार.

माहेश्वरी_काठ

मी परत आले, आणि या वेळी विषयाला धरून आहे. नाव विचारून घेतलं. लुगडं ज्या ट्रंकेत होतं त्यातच एक शेरवानी होती, लेबल तेच, 'एम. बी.'सकट. खिशात चिठ्ठी आहे: क्रमांक २९१०, तारीख ८-२-५३. आकडे स्वच्छ आहेत, ३ बद्दल शंका नाही.

चेनवाला

वा ताई! म्हणजे २९१० फेब्रुवारी ५३ चा, आणि ३८४६ त्याच्या पुढचा. १९५१ बाद. १२ नोव्हेंबर १९५७ पक्का.

लष्करकर

जवळपास. एक अडथळा तपासायला हवा. दुकान दर वर्षी क्रमांक नव्यानं सुरू करत असेल तर ही तुलना कोसळते. आपल्याकडे नवी वही दिवाळीला निघते. पण १९५१ आणि १९५७, दोन्ही वर्षी दिवाळी ऑक्टोबरातच होती. म्हणजे दिवाळीपासून नवा क्रमांक धरला तर १२ नोव्हेंबरपर्यंत जास्तीत जास्त तीन आठवडे होतात. इतक्या दिवसांत एका दुकानात ३८४६ गिऱ्हाइकं होणं अशक्य. तेव्हा दिवाळीला क्रमांक बदलत नव्हता. जानेवारी किंवा एप्रिलपासून बदलत असेल तरी महिन्याला साडेतीनशे ते पाचशे कपडे पडतात. हातानं कॅनव्हास शिवणाऱ्या दुकानाला तेही झेपणार नाही.

सलग क्रमांक धरला तर फेब्रुवारी ५३ ते नोव्हेंबर ५७ या पावणेपाच वर्षांत ९३६ क्रमांक. वर्षाला दोनशेच्या आसपास. गरम कोट, शेरवानी असलं मोठं काम करणाऱ्या दुकानाला हा आकडा अगदी बसतो.

यात माझी एकच शंका उरते. शेरवानीची आणि सूटाची वही वेगवेगळी असेल तर? मग २९१० आणि ३८४६ एकाच माळेतले नाहीत. तिसरी चिठ्ठी, तीही सूटाची, मिळेपर्यंत मी '१९५७, बहुधा' एवढंच म्हणेन.

टाकेटोके

वह्या वेगळ्या असायच्या त्या बायकांच्या आणि पुरुषांच्या. शेरवानी आणि कोट एकाच वहीत, मापं तीच लागतात. मी माझं ५१ मागे घेतो.

लष्करकर

सगळ्या दुकानांत तसंच असेल असं नाही. पण वजन ५७ कडे आहे, हे खरं.

नंदलालपुरा

म्हणजे मध्य भारत संपल्यावर वर्षभरानंही दुकान एम. बी. चं लेबलच लावत होतं?

लष्करकर

हो. म्हणूनच म्हटलं, लेबलाची वरची बाजू कच्ची. तुमच्याकडे चिठ्ठी नसती तर मी हा सूट '१९४८ ते ५६' असा लिहिला असता आणि चुकलो असतो.

रावपुरा_ताई

आता तुमच्या पहिल्या पोस्टमधला दुसरा प्रश्न, जो सगळे विसरले. संग्राहकाच्या लेखी या सूटाचं बळ त्याच्या जुनेपणात नाही. जुने गरम कोट ढिगानं मिळतात. याचं बळ तीन गोष्टींत आहे: कोट आणि पॅन्ट एकाच कापडाची जोडी अजून एकत्र आहे; आठ वर्षंच टिकलेल्या राज्याचं नाव लेबलावर आहे; आणि शिंप्याच्या हातची क्रमांक-तारखेची चिठ्ठी जागच्या जागी टाचलेली आहे. यातली तिसरी सगळ्यात दुर्मिळ. लोक खिसे साफ करताना ती पहिली काढून टाकतात.

म्हणून मापाचा करून घेऊ नका. कोट कमरेत आत घेतला की शिवणीतली जादा कापडाची पट्टी जाते, आणि मूळ माप किती होतं हे परत कधीच कळत नाही. हिवाळ्यात एखाद्या दिवशी आहे तसा घातलात तर बिघडत नाही.

कसर मात्र आजच तपासा. कॉलरची खालची बाजू, मोरीच्या बाहेरच्या घडीचा आतला भाग, खिशांचे कोपरे. पांढुरकी रेशमी नळी किंवा वाळूसारखे कण दिसले तर सूट प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बंद करून उणे १८ अंशांच्या डीप फ्रीजमध्ये दोन आठवडे ठेवा. बाहेर काढल्यावर पिशवी पूर्ण एक दिवस उघडू नका, म्हणजे दव बाहेरच्या बाजूला जमेल आणि लोकर कोरडी राहील. ड्रायक्लीनला देणार असाल तर आधी चिठ्ठीचे फोटो काढा. द्रावणात जुनी शाई टिकेलच, याची खात्री कोणी देऊ शकत नाही.

टाकेटोके

ताई, बाकी सगळं मान्य, पण चेनचं काय? काजं अजून तिथेच आहेत. चेन काढून चार बटणं लावली की पॅन्ट मूळ रूपात येईल. अर्ध्या तासाचं काम, तेही काजांना धक्का न लावता.

रावपुरा_ताई

बटणं कुठली लावणार? मूळ बटणं गेली. नवी बटणं जुन्यासारखी लावली की उद्या कोणीतरी तीच मूळ समजणार. चेन आहे तशी असली तर बघणाऱ्याला दोन काळ दिसतात, ५७ ची शिलाई आणि नंतरची दुरुस्ती. ती पॅन्ट पुढेही काही वर्षं तरी कोणीतरी वापरत होतं, हे ती चेनच सांगते.

चेनवाला

चेनच्या बाजूनं बोलणारं कोणीतरी निघालं. ताईंना माझा पाठिंबा.

टाकेटोके

नेफ्यातली सहा बटणं मूळ असतील ना? त्यांच्याशी जुळणारी जुनी बटणं शोधता येतील. नंदलालपुरा, त्या बटणांचा टाका बघा, दोरा सुती आहे का आणि बटणाखाली दोऱ्याची उंच मान गुंडाळलेली आहे का. मान असेल तर हाताचा टाका, मूळ.

नंदलालपुरा

पाच बटणांना मान आहे, दोरा काळपट. सहाव्याला नाही, आणि त्याचा दोरा चेनसारखाच लालसर आहे. म्हणजे तेही त्याच दुरुस्तीत बसवलं असणार.

चेन तूर्त राहू देतो. मोरीच्या घडीत दोन रिकाम्या नळ्या सापडल्या, सूट आज पिशवीत घालून डीप फ्रीजमध्ये ठेवला. माहेश्वरी_काठ ताई, तुमच्या चिठ्ठीचा आडव्या उजेडातला फोटो पाठवाल का? एकाच हाताचं अक्षर असेल तर तुमच्या तारखेत ७ नसला तरी क्रमांकात १ आहे. तो १ माझ्या आकड्याशेजारी ठेवून बघतो.

माहेश्वरी_काठ

उद्या सकाळी ऊन आलं की काढते.